ओटीतल्या सिस्टरला दिवस गेले की: सी-आर्म, भुलीचा गॅस आणि संसर्ग

आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत गोड बातमी कुणाला सांगत नाहीत. कोल्हापुरातल्या एखाद्या हाडांच्या हॉस्पिटलात ओटीत काम करणारी सिस्टरही तेच करते. सासूबाईंनी बजावलेलं असतं, नोकरीची धास्ती असते, आणि "लगेच कशाला सांगायचं, काही झालं तर?" ही भीतीही असते. पण ओटीतल्या कामापुरतं बोलायचं तर नेमके हेच तीन महिने सर्वांत महत्त्वाचे असतात. बाळाचे अवयव याच काळात घडतात. रुबेलाचा सर्वांत जास्त धोकाही याच काळात असतो. किरणोत्सर्गाला बाळाचा मेंदू सर्वाधिक संवेदनशील असतो तो काळ म्हणजे गर्भधारणेनंतरचे 8 ते 15 आठवडे. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण 10 ते 17 आठवडे होतात. म्हणजे सगळ्यांना सांगायचं ठरेपर्यंत त्यातला काही काळ सरूनही गेलेला असतो.

म्हणून सगळ्या हॉस्पिटलला सांगायची गरज नसली, तरी एका माणसाला लेखी कळवायला हवं. तो माणूस म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, ज्याला सगळे आरएसओ म्हणतात. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे चित्र दाखवणारं मशीन, किंवा साधं एक्स-रे मशीन असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमांप्रमाणे आरएसओ नेमावा लागतो. लहान हॉस्पिटलात बहुतेक वेळा रेडिऑलॉजिस्ट किंवा ऑर्थोपेडिक सरच ही जबाबदारी सांभाळतात. चिठ्ठीत दोन ओळी पुरतात: अमुक तारखेला तपासणी पॉझिटिव्ह आली, शेवटच्या पाळीची तारीख ही. चिठ्ठीवर तारीख घालायची आणि पोच असलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. कारण नियमातली मर्यादा मोजायला सुरुवात होते ती कळवल्यापासून.

ही मर्यादा किती? रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. साध्या रेडिएशन कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत बाळाला मिळून 1 मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. बाळात व्यंग येणं किंवा मेंदूच्या वाढीवर परिणाम होणं हे साधारण 100 मिलिसिव्हर्टच्या खाली दिसलेलं नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग तर स्पष्ट सांगतो की 100 च्या खाली केवळ रेडिएशनच्या कारणावरून गर्भपात करणं योग्य नाही. पुढे कधी कॅन्सर होण्याची शक्यता मात्र अगदी कमी डोसलाही थोडीशी वाढते असं धरून चालतात, म्हणूनच मर्यादा इतकी खाली ठेवलेली आहे. आणि नैसर्गिक रेडिएशन तर आपल्याला रोज मिळतच असतं, जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. कोल्हापूर काळ्या बेसॉल्टवर वसलेलं आहे आणि हा खडक त्या मानाने अगदी सौम्य. केरळच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याच्या कितीतरी पट मिळतं.

एका सिस्टरचा हिशोब

आता हिशोब मांडू. राजारामपुरीतल्या एका ऑर्थो हॉस्पिटलात एक ओटी सिस्टर आहे असं समजू. हायवेवरचे आणि ऊसवाहतुकीच्या सीझनमधले अपघात बघता मांडीच्या हाडात रॉड घालायच्या केसेस आठवड्याला पाच. प्रत्येक केसमध्ये सी-आर्म सगळा मिळून 2 मिनिटं चालतो.

सिस्टरला जे रेडिएशन मिळतं ते थेट मशीनमधून येत नाही. मशीनचा किरण पेशंटच्या मांडीवर पडतो आणि तिथून चहूकडे विखुरतो. हे विखुरलेलं रेडिएशन म्हणजे स्कॅटर. कामापुरता अंदाज असा की पेशंटपासून 1 मीटरवर त्याचं प्रमाण पेशंटच्या कातडीवर पडणाऱ्या रेडिएशनच्या साधारण हजाराव्या भागाइतकं असतं. मांडीच्या केसमध्ये कातडीवर मिनिटाला 20 मिलिग्रे पडतात असं धरू. एक्स-रेपुरते मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच मानायला हरकत नाही. म्हणजे 1 मीटरवर उभ्या असलेल्या सिस्टरपाशी मिनिटाला 0.02 आणि एका केसमध्ये 0.04 मिलिसिव्हर्ट येतात. अंगात 0.5 मिलिमीटर शिशाच्या ताकदीचा एप्रन असेल, तर तो त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त अडवतो. 5 टक्के आत आलं असं धरलं, तरी एका केसला 0.002 उरतात. आठवड्याला पाच केसेस आणि उरलेले 30 आठवडे, अशा 150 केसेसचे पोटाच्या कातडीवर 0.3 मिलिसिव्हर्ट झाले. पोटाची भिंत आणि गर्भाशय यांतून जाताना ते आणखी कमी होतं. बाळापर्यंत निम्मं पोचतं असं धरायची पद्धत आहे, म्हणजे 0.15. मर्यादा 1 ची.

हाच हिशोब सिस्टर कुठे उभी राहते यावर फिरतो. अंतर दुप्पट झालं की रेडिएशन चौथा भाग होतं, अंतर निम्मं झालं की चौपट. टेबलाला चिकटून अर्ध्या मीटरवर उभी राहिली तर बाळाचा डोस 0.6 पर्यंत चढतो. शॉट घेताना दोन पावलं मागे, 2 मीटरवर गेली तर 0.04 वर येतो. पण एप्रन फाटलेला असेल किंवा घातलाच नसेल, तर 1 मीटरवरच 150 केसेसचे पोटावर 6 आणि बाळाला 3 मिलिसिव्हर्ट. म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. 100 च्या हिशोबात हेही लहानच, पण टाळता येण्यासारखं आहे आणि नियम मोडणारं आहे. सांगायचा मुद्दा हा की ओटीतून तिला पूर्ण काढून टाकणं हा पहिला उपाय नाही. पहिला उपाय एप्रन आणि अंतर. गरोदर आहे एवढ्यासाठी तिचं काम काढून घेणं नियमातही बसत नाही. मर्यादा पाळली जाईल असं काम देणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे.

एप्रनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण गडबड इथेच होते. बऱ्याच ओटीत एप्रन फक्त पुढून झाकणारा असतो. सर्जनचं तोंड कायम पेशंटकडे असतं, त्यांना तो चालतो. सिस्टर मात्र ट्रॉलीवरून ड्रिल घ्यायला वळते आणि त्याच क्षणी सर पेडल दाबतात. उघडी पाठ स्कॅटरकडे असते. तिला चहूबाजूंनी लपेटणारा एप्रन हवा, शक्यतो वेस्ट आणि स्कर्ट असा दोन भागांचा, म्हणजे पाच-सात किलोचं वजन सगळं खांद्यावर न येता कमरेवरही वाटलं जातं. पोट वाढत गेलं की लपेटणारी टोकं पुढे एकमेकांवर येईनाशी होतात आणि मधे फट पडते. हे साधारण सहाव्या महिन्यात लक्षात येतं, तेव्हा मोठ्या मापाचा एप्रन मागून घ्यायचा. एकावर एक दोन एप्रन घालू नयेत. एकानेच बहुतेक सगळं अडवलेलं असतं, दुसऱ्याने फक्त कंबर दुखते.

एप्रनला तडा गेलाय हे वरून कळत नाही. घडी घालून स्टूलवर टाकला की आतला शिशाचा थर घडीच्या रेषेत मोडतो, वरचं कापड मात्र शाबूत राहतं. वर्षातून एकदा तरी एप्रन टेबलावर पसरून सी-आर्मखाली बघायचा. चांगला एप्रन स्क्रीनवर सारखा गडद दिसतो, तडा गेला असेल तिथे उजळ रेघ उमटते. ही रेघ पोटाच्या जागी असेल तर तो एप्रन गरोदर सिस्टरला द्यायचा नाही.

मशीन कसं लावलंय तेही बघावं. एक्स-रे ट्यूब टेबलाखाली आणि चित्र पकडणारी मोठी गोल बाजू वर, पेशंटच्या जवळ, अशी मांडणी असेल तर जास्त स्कॅटर खाली, पायांकडे जातं. ट्यूब वर केली की तेच छाती-चेहऱ्याकडे येतं. लॅटरल शॉटला सी-आर्म आडवा होतो, तेव्हा ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही, पलीकडे यायचं. ट्यूब असते त्या बाजूला, किरण पेशंटमध्ये शिरतो तिथून, परत फेकलं जाणारं स्कॅटर कितीतरी जास्त असतं.

बॅज काय सांगतो, काय सांगत नाही

वरचा हिशोब अंदाजाचा आहे. खरा आकडा टीएलडी बॅजवरून कळतो. बॅजच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन बारीक चकत्या असतात. त्या रेडिएशन साठवून ठेवतात आणि लॅबमध्ये तापवल्यावर तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. बॅज सहसा तीन महिन्यांनी तपासणीला जातो. गरोदर कर्मचाऱ्यासाठी ही मुदत लांब पडते. रिपोर्ट हातात येईपर्यंत चार महिने सरलेले असतात. म्हणून आरएसओकडे दोन मागण्या करता येतात: पोटाच्या उंचीवर, एप्रनच्या आत लावायला दुसरा बॅज, आणि त्यासोबत एक लहान इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर, जो त्याच क्षणी आकडा दाखवतो. डोसीमीटर मिळाला नाही, तर मागचे चार तिमाही रिपोर्ट काढून बघायचे. समजा ते 0.10, 0.15, 0.05 आणि 0.10 आहेत. वर्षाचे 0.40 झाले. त्याच वेगाने उरलेल्या आठ महिन्यांत पोटावर सुमारे 0.27 आणि बाळाला 0.13. आपल्या हिशोबाशी जुळतंय, म्हणजे काळजी करण्यासारखं नाही.

पण बॅज खोटंही बोलू शकतो. एप्रन काढताना बॅज त्यावरच राहिला आणि एप्रन ओटीतच टांगलेला असला, तर सिस्टर घरी असतानाही आकडा वाढत राहतो. बॅज एप्रनच्या बाहेर लावला तर आकडा वीस पट दिसू शकतो आणि विनाकारण घबराट होते. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट. हॉस्पिटलला बॅजच्या सेटबरोबर एक कंट्रोल बॅज येतो. त्याचा आकडा सगळ्यांच्या आकड्यांतून वजा होतो, म्हणून तो रेडिएशनपासून दूर ठेवायचा असतो. तो एक्स-रे रूमच्या कपाटात पडून राहिला, तर वजाबाकीत सगळ्यांचेच रिपोर्ट फसवे कमी येतात. सगळ्यांचे रिपोर्ट कायम शून्य आणि काम मात्र भरपूर, असं दिसलं तर आधी कंट्रोल बॅज कुठे आहे ते विचारायचं. आणि लहान हॉस्पिटलांत हेही दिसतं की बॅज टेक्निशियनला असतो, सर्जनला असतो, पण सगळ्यात जास्त वेळ टेबलाजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला नसतो. हे चालवून घेऊ नये. दुसऱ्याच्या नावाचा बॅज लावणं हा त्यावरचा उपाय नाही.

ज्याला बॅज नाही असा गॅस

रेडिएशनला सगळे घाबरतात, आणि ते मोजलं तरी जातं. भुलीचा गॅस मात्र बहुतेक ओटीत कुणी मोजत नाही. आमच्या मते गरोदर सिस्टरने जास्त लक्ष इथे द्यावं.

मांडी आणि खुब्याच्या बऱ्याच केसेस स्पायनलवर, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन, होतात, त्यात गॅसचा संबंध येत नाही. गॅस येतो तो खांदा, दंड आणि विशेषतः लहान मुलांच्या केसेसमध्ये. झाडावरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलेलं पाच वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणा. सलाईन लावू देत नाही, म्हणून भूलतज्ज्ञ मास्कने सेव्होफ्लुरेन आणि नायट्रस हे भुलीचे गॅस देतात. पोर मान झटकतं, मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि पोराला धरून ठेवणाऱ्या सिस्टरच्या थेट नाकाशी गॅस सुटतो. पुढे वायर घालताना तिलाच हात धरायला सांगतात आणि सी-आर्म सुरू होतो. कोपर बारीक असल्याने स्कॅटर मांडीच्या मानाने बरंच कमी असतं. त्या केसमध्ये खरा प्रश्न मास्कभोवतीच्या गॅसचा असतो. मास्कने भूल देत असताना गरोदर सिस्टरने डोक्याकडे थांबू नये, दुसऱ्याने धरावं. पोर झोपलं, श्वासाची नळी किंवा घशात बसणारी एलएमए बसली, की ती परत येऊ शकते.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेने 1977 मध्ये मर्यादा सुचवल्या: नायट्रससाठी हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग, हॅलोथेनसारख्या बाष्परूप औषधांसाठी 2 भाग. सेव्होफ्लुरेन तेव्हा वापरात नव्हतं, पण आजही 2 चा आकडाच कामापुरता धरतात. तुम्हाला गोडसर वास आला, म्हणजे प्रमाण या आकड्याच्या खूप वर गेलेलं असतं. वास येत नाही म्हणून सगळं ठीक असंही नाही. नायट्रस शरीरातल्या बी12 जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं आणि पेशी वाढायला बी12 लागतंच. वापरलेला गॅस खोलीबाहेर नेण्याची सोय नव्हती त्या जुन्या काळातल्या अभ्यासांत ओटीतल्या स्त्रियांमध्ये गर्भपात जास्त दिसले होते. त्या अभ्यासांत उणिवा होत्या, तरी दुर्लक्ष करावं इतके ते पोकळ नव्हते. 1992 मध्ये अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांतल्या साहाय्यक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गॅस बाहेर नेण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसजवळ काम करणाऱ्यांना दिवस जायला जास्त काळ लागला. जिथे सोय होती तिथे फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न गॅसच्या नावाचा नाही, तो खोलीतून बाहेर जातो की नाही याचा आहे.

ते तपासायला उपकरण लागत नाही. भुलीच्या मशीनमधून वापरलेला गॅस बाहेर पडतो तिथे एक जाड, पन्हाळीदार नळी जोडलेली असायला हवी. ही स्कॅव्हेंजिंगची नळी. तिचं दुसरं टोक शोधा. ते भिंतीतून इमारतीच्या बाहेर गेलेलं असलं पाहिजे. बऱ्याचदा ते टेबलाखाली लोळत पडलेलं सापडतं, म्हणजे सगळा गॅस खोलीतच. दुसरी गोष्ट एसीची. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. ओटीतली हवा तासाला निदान 20 वेळा बदलावी आणि त्यातली निदान 4 वेळा बाहेरून यावी, असा निकष आहे. फक्त स्प्लिट एसी असलेल्या ओटीत दुपारच्या तिसऱ्या केसला सकाळचा गॅस अजून तरंगत असतो. हेपा फिल्टर गॅस अडवत नाही, सर्जिकल मास्क नाही आणि एन-95 ही नाही.

गळती पकडायला भूलतज्ज्ञ रोज सकाळी करतात ती चाचणी पुरते: व्हॉल्व बंद करून नळीचं पेशंटकडचं तोंड दाबून धरायचं, 30 सेंटीमीटर पाण्याइतका दाब भरायचा आणि दहा सेकंद काटा बघायचा. काटा घसरला तर कुठेतरी गळतंय. सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. नायट्रसच्या सिलिंडरचा काटा बघून मात्र गळती कळत नाही, कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत तो जागचा हलतच नाही.

रिकव्हरी रूम विसरू नये. पेशंट जागा होताना प्रत्येक श्वासाबरोबर गॅस सोडत असतो आणि तिथली सिस्टर त्याच्या तोंडावर वाकून "डोळे उघडा, मामा" म्हणत असते. खिडकी किंवा एक्झॉस्ट नसलेल्या कोपऱ्यातल्या रिकव्हरीत गरोदर सिस्टरची ड्यूटी लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणं. वापरलेल्या गॅसच्या नळीचीच सोय नसलेल्या ओटीत गॅसच्या केसेसना तिला न लावता स्पायनलच्या केसेसना लावणं, हा सर्वांत सोपा बदल आहे.

सुई टोचली तर, कांजिण्यांचं पोर आलं तर

संसर्गाची तयारी दिवस जाण्याआधीच झालेली बरी. हिपॅटायटिस बीची लस गरोदरपणातही घेता येते. तिचा परिणाम झाला की नाही ते अँटी-एचबीएस टायटरने कळतं, 10 किंवा जास्त हवं. रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी मात्र जिवंत विषाणूच्या असतात, गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायच्या आणि नंतर निदान एक महिना थांबायचं.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, त्यावर ब्लीच ओतायचं नाही. पेशंटचं एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासायचं. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला तर पीईपीच्या, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या, गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत, जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हायला हव्यात. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात आणि त्यासाठी एचआयव्हीवर उपचार करणारं सरकारी एआरटी केंद्र गाठायचं, कोल्हापुरात ते सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात आहे. गरोदर आहे म्हणून पीईपी थांबवत नाहीत. "बाळाला औषध बाधेल" म्हणून दोन दिवस वाट बघणं हीच खरी चूक, कारण आईला संसर्ग झाला तर धोका बाळालाच. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि सिस्टरचं टायटर कमी असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन शक्यतो 24 तासांत, आणि सोबत लस.

कांजिण्यांचं वेळापत्रक वेगळं. वर सांगितलेल्या त्या पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं असं समजा. कांजिण्या पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणजे ओटीतल्या सगळ्यांचा संपर्क झाला. सिस्टरला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर काही करायचं नाही. आठवत नसेल तर त्याच दिवशी अँटिबॉडीची तपासणी करायची. अँटिबॉडी नसतील, तर कांजिण्यांचं खास इम्युनोग्लोब्युलिन संपर्कापासून 10 दिवसांच्या आत द्यायचं, जितकं लवकर तितकं बरं. हे औषध गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, पुण्या-मुंबईहून मागवावं लागू शकतं, म्हणून रिपोर्टची वाट बघत असतानाच चौकशीचा फोन करून ठेवावा. शिवाय संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत, आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर अठ्ठाविसाव्यापर्यंत, ती स्वतः दुसऱ्यांना संसर्ग देऊ शकते. तेवढे दिवस तिने ड्यूटीवर येऊ नये, आणि ते रजेतून कापू नयेत, कारण संपर्क कामावरच झालेला असतो.